मदत हवी आहे: उपवास सोडतानाच्या खाण्याचे मॅक्रो जुळत नाहीत

खाडीपलीकडे
दिवसभर पाणीही न घेता मी संध्याकाळी उपवास सोडतो, तेव्हा खजूर, फळे, भजी आणि गोड दूध एवढेच घेतो. जेवण त्यानंतर दोन तासांनी होते. या पहिल्या खाण्यातील प्रथिने, कर्बोदके आणि स्निग्धांश यांची बेरीज मला हवी आहे. मोबाइलमधील अ‍ॅपवर एकेक पदार्थ निवडला की एकूण 658 कॅलरी दिसतात, आणि स्वयंपाकघरात काय काय वापरले याचा कागदावर हिशोब मांडला की आकडा दीड हजारांच्या पुढे जातो. व्यायामशाळेतील प्रशिक्षकांना आज रात्रीच आकडे पाठवायचे आहेत. यांपैकी कोणता धरावा? "तळलेले खाऊ नका" हा सल्ला घरात रोज मिळतो, तो कृपया येथे देऊ नये.

वेंगुर्ल्याचा_बल्लव
उपवास सोडताना भजी कशी चालतात, हे मला समजले नाही. आमच्याकडे एकादशीला बेसन आणि कांदा दोन्ही वर्ज्य असतात. भजीऐवजी साबुदाणा वडा घ्यावा आणि दुधात साखरेऐवजी गूळ घालावा, म्हणजे प्रश्नच मिटेल.

शमीमआपा_चिपळूण
बल्लवभाऊ, दिवसभर पाणीही नाही आणि सुरुवात खजुराने, म्हणजे हा रोजा आहे. बेसनाला येथे बंदी नाही. खाडीपलीकडे, मी बरीच वर्षे रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचा आहार-हिशोब पाहिला आहे. तुमचे दोन्ही आकडे चुकलेले असणार, पण ते कशामुळे चुकले हे सांगण्यासारखे तुम्ही काहीच लिहिलेले नाही. भजी कशाची, खजूर किती आणि केवढे, दूध कोणते, साखर किती, आणि मुख्य म्हणजे कागदावर तेल किती धरले?

खाडीपलीकडे
कांदाभजी. ती सगळ्यांच्या घरी होतात तशीच होतात. खजूर तीन, अ‍ॅपमध्ये "मेडजूल" निवडले. दूध एक पेला. तेल कढईत अर्धा लिटर ओततात आणि खाणारे आम्ही पाच जण आहोत, म्हणून अर्ध्या लिटरला पाचाने भागले.

दर्यावर्दी
येथेच चूक सापडली. अर्धा लिटर तेल म्हणजे सुमारे 460 ग्रॅम. त्याचा पाचवा भाग 92 ग्रॅम आणि त्याच्या सव्वाआठशे कॅलरी. कढईत उरलेले तेलही तुम्ही प्यायल्याचा हा हिशोब झाला. उपाय सोपा आहे. तळण्यापूर्वी पिठाच्या गोळ्याचे वजन करावे, तळल्यावर भज्यांचे करावे, आणि जेवढे वाढले तेवढे तेल धरावे. मी मासे तळताना असेच करतो.

शमीमआपा_चिपळूण
दर्यावर्दी, पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही. तळताना तेल आत जाते त्याच वेळी पाणी वाफ होऊन बाहेर पडते, आणि कांद्यात तर बहुतांश पाणीच असते. त्यामुळे भज्यांचे वजन वाढण्याऐवजी घटते. तुमच्या पद्धतीने त्यांनी वजाबाकी केली, तर भज्यांनी तेल प्यायले नाही, उलट कढईला दिले, असे उत्तर येईल. माशाचे वजनही तळल्यावर कमीच भरते. आकडा पुन्हा पडताळून पाहावा.

वजन करायचे ते तेलाचे. कढई तेलासह तळण्यापूर्वी तराजूवर ठेवावी. तळण झाल्यावर ती पूर्ण निवू द्यावी, कारण तापलेल्या कढईने तराजूही बिघडतो आणि हातही भाजतो. मग तेल गाळून चुरा बाजूला काढावा आणि तेच तेल त्याच कढईत घालून पुन्हा वजन करावे. चुरा तसाच राहिला तर त्याचे वजन तेल म्हणून मोजले जाते आणि भज्यांनी कमी तेल घेतल्यासारखे दिसते. भजी कागदावर काढत असाल तर कोरा कागद आणि तेलकट कागद यांच्या वजनातील फरकही वजा करावा, कारण ते तेल पोटात गेलेले नाही.

रोज_पाच_किलोमीटर
एवढा खटाटोप करण्यापेक्षा एअर फ्रायर घ्यावा. मी घेतल्यापासून तेलाचा प्रश्नच राहिलेला नाही. शिवाय रोजा सोडताना चार उकडलेली अंडी घेतली, तर प्रथिनेही मिळतील.

खाडीपलीकडे
मी काय खावे हे विचारलेले नाही. जे खातो त्याची बेरीज विचारली आहे.

शमीमआपा_चिपळूण
त्यांचा मुद्दा रास्त आहे. आजचे आकडे अंदाजाने पाठवा आणि तसे स्पष्ट लिहा. उद्या सगळे वजन करून येथे लिहा, आपण बेरीज करू. खजुराचे वजन बिया काढून करावे आणि केळ्याचे साल काढून.

खाडीपलीकडे (दुसऱ्या दिवशी)
वजने अशी आली. बेसन 200 ग्रॅम, तांदळाचे पीठ 30 ग्रॅम, चिरलेला कांदा 400 ग्रॅम आणि पाणी साधारण 60 ग्रॅम. तयार भजी 560 ग्रॅम भरली. गाळलेले तेल कढईसह 122 ग्रॅमने कमी झाले आणि कागदाचे वजन 12 ग्रॅमने वाढले. माझ्या वाट्याला 120 ग्रॅम भजी आली. खजूर बियांसह 30 ग्रॅम होते, बियांशिवाय 27 ग्रॅम. सोललेले केळे 90 ग्रॅम आणि कलिंगडाचा गर 200 ग्रॅम. दूध एक लिटर, पिशवीतील फुल क्रीम, त्यात 80 ग्रॅम साखर. आटवल्यावर सगळे मिळून 960 ग्रॅम झाले आणि माझ्या पेल्यात 240 ग्रॅम. मगरिबच्या अजानला दहा मिनिटे असताना कढई तराजूवर ठेवण्यावरून अम्मी काय बोलली, ते लिहीत नाही.

शमीमआपा_चिपळूण
आता हिशोब करता येईल. आधी दर्यावर्दींची शंका: पीठ, कांदा आणि पाणी मिळून 690 ग्रॅम होते आणि भजी 560 ग्रॅम झाली. म्हणजे 130 ग्रॅमची घट, आणि तरीही 110 ग्रॅम तेल आत गेलेले आहे. पाणी 240 ग्रॅम उडाले.

भज्यांच्या पूर्ण घाण्याची बेरीज करू. बेसनातून सुमारे 44 ग्रॅम प्रथिने, 116 ग्रॅम कर्बोदके आणि 13 ग्रॅम स्निग्धांश येतो. कांदा आणि तांदळाचे पीठ मिळून 6 ग्रॅम प्रथिने आणि 61 ग्रॅम कर्बोदके देतात. त्यात 110 ग्रॅम तेल मिळवले की एकूण प्रथिने 50, कर्बोदके 177 आणि स्निग्धांश 123 ग्रॅम होतो, म्हणजे सुमारे 2015 कॅलरी. तुमचा वाटा 560 पैकी 120 ग्रॅम, म्हणून तुमच्याकडे जवळपास 11 ग्रॅम प्रथिने, 38 ग्रॅम कर्बोदके, 26 ग्रॅम स्निग्धांश आणि 432 कॅलरी येतात. पाचाने सरसकट भागू नये. पाच जण सारखे खात नाहीत.

दुधात आटवण्यामुळे फसगत होते. उडते ते पाणी. साय खरवडून टाकली नाही, तर बाकी सगळे भांड्यातच राहते. तुमचा 240 ग्रॅमचा पेला हा 960 चा चौथा हिस्सा आहे, म्हणून त्यात पाव लिटर दूध आणि 20 ग्रॅम साखर धरावी. फुल क्रीम दुधात 6 टक्के स्निग्धांश असतो. त्यावरून पेल्यात 8 ग्रॅम प्रथिने, 32 ते 33 ग्रॅम कर्बोदके, 15 ग्रॅम स्निग्धांश आणि 298 कॅलरी होतात. अ‍ॅपवर तुम्ही बहुधा बिनसाखरेचे टोन्ड दूध निवडले होते.

खजुराच्या 27 ग्रॅम गरात 20 ग्रॅम कर्बोदके आणि 76 कॅलरी आहेत. एका मेडजूलचा गर एकट्यानेच 24 ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणून अ‍ॅपने तिनांचे जवळपास दोनशे दाखवले. दोन्ही फळे मिळून 36 ग्रॅम कर्बोदके, 2 ग्रॅम प्रथिने आणि 140 कॅलरी देतात.

एकूण: कर्बोदके सुमारे 126, प्रथिने 22, स्निग्धांश 42 ग्रॅम आणि 946 कॅलरी.

खाडीपलीकडे
आभारी आहे, आपा. मेडजूल मामूंनी कुवेतहून पाठवले होते, ते संपले. आताचे दापोलीच्या बाजारातील लहान खजूर आहेत. परंतु प्रथिने आणि कर्बोदके प्रत्येकी चारने, स्निग्धांश नऊने गुणून पाहिला तर 970 येतात, 946 नाही. मग बेरीज कुठे चुकली?

शमीमआपा_चिपळूण
कुठेही नाही. फळे आणि खजूर यांच्या कर्बोदकांत तंतुमय भागही मोजलेला असतो आणि त्यातून शरीराला पूर्ण चार कॅलरी मिळत नाहीत. फळांसाठी वापरला जाणारा गुणकही चारपेक्षा थोडा कमी आहे. एवढ्या खाण्यात वीस-पंचवीस कॅलरींचा फरक अपेक्षित आहे. शंभरावर फरक आला तर एखादा पदार्थ दोनदा धरला गेला किंवा सुटला, असे समजावे.

दर्यावर्दी
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे कोष्टक माझ्याकडे आहे. त्यात 100 ग्रॅम खजुरापुढे हजारावरचा आकडा आहे. आपांनी कितीतरी कमी धरले आहे.

शमीमआपा_चिपळूण
तो आकडा किलोज्यूलमध्ये आहे, 4.184 ने भागावा. त्या कोष्टकात तंतुमय भाग कर्बोदकांतून वगळून वेगळा दिलेला आहे, म्हणून एकाच बेरजेत एक पदार्थ तेथून आणि दुसरा परदेशी कोष्टकातून घेऊ नये.

कढईवाली_गुहागर
मला एक सांगायचे आहे. तेल नीट तापलेले नसेल तर भजी तेल पितात. आमच्या सासूबाई पिठाचा थेंब टाकून पाहतात आणि तो लगेच वर आला तरच भजी सोडतात. आच बरोबर ठेवली तर 110 ग्रॅमचे निम्मे होईल.

शमीमआपा_चिपळूण
थेंबाची परीक्षा योग्य आहे, परंतु निम्मे होईल असे मी म्हणणार नाही. कढईत असताना आतून वाफ बाहेर ढकलत असते, त्यामुळे तेल सहज शिरत नाही. भजी बाहेर काढली की ती निवू लागतात, आतला दाब उतरतो आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून झाऱ्यात कढईवरच दोन-तीन झटके द्यावेत आणि लगेच जाळीवर पसरावे; परातीत ढीग केला तर खालची भजी वरच्यांचे तेल घेतात. किती फरक पडतो ते दोन घाण्यांत तराजूच सांगेल.

कढईवाली_गुहागर
आच महत्त्वाचीच आहे, या मतावर मी ठाम आहे.

समुद्रसखा
माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि तेही रोजे धरतात. या हिशोबावरून त्यांच्या गोळ्या किती कमी कराव्यात?

शमीमआपा_चिपळूण
या बेरजेवरून गोळ्यांचे प्रमाण ठरवू नये. ते त्यांच्या डॉक्टरांनी रोजे सुरू होण्यापूर्वी ठरवायचे असते. त्यांना हे आकडे जरूर दाखवावेत.

वेंगुर्ल्याचा_बल्लव
साबुदाणा वड्यालाही कढईचे हेच वजन लागू होईल का? कढई तर एकच आहे.

खाडीपलीकडे
लागू होईल, बल्लवभाऊ, चुरा मात्र गाळून घ्या. प्रशिक्षकांना आकडे पाठवले. त्यांनी "प्रथिने 22 म्हणजे कमी" एवढेच उत्तर दिले आहे. रात्रीच्या जेवणात तिसऱ्यांचा रस्सा आहे. शिंपल्यांसह वजन केलेल्या तिसऱ्यांचा गर किती धरावा, हे कोणी मोजले असल्यास सांगावे.