अनुभव धागा : भावाने हक्कसोडपत्र पुढे केले तेव्हा तुम्ही 'नाही' कसे म्हणालात?

रानजाई

काल माळ्यावरचा पत्र्याचा डबा आवरताना तलाठी कार्यालयातून आलेली फेरफाराची जुनी नोटीस हाती लागली आणि २०१७ सालची राखीपौर्णिमा जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहिली. वडील आदल्या वर्षी गेले होते. गावची जमीन तीन एकर तीस गुंठे, म्हणजे १५० गुंठे. वारस आई, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. वारस नोंदीत पाचही नावे लागली होती. राखी बांधून झाली, ताट आत नेले, आणि दादाने पिशवीतून टंकलेला मुद्रांक काढून चहाच्या कपाशेजारी ठेवला. 'राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, माझा व माझ्या वारसांचा हक्क कायमचा सोडून देत आहे,' या ओळीवर माझी नजर थांबली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दुय्यम निबंधकांकडे जायचे ठरवूनच तो आला होता.

मी म्हटले, 'दादा, हे मी रात्री नीट वाचते, सकाळी आठच्या आत तुला फोन करते.' रात्रभर विचार केला तो एवढाच, की त्याला ही सही नेमकी कशासाठी हवी आहे. सकाळी तेच विचारले. सोसायटीचे पीककर्ज काढताना दर वेळी पाच जणांना गोळा करावे लागते आणि धाकटी बहीण नाशिकला असते, ही त्याची खरी अडचण होती. मी सांगितले, 'हक्कसोडावर मी सही करणार नाही, हा माझा स्वतःचा निर्णय आहे. जमीन तूच कसतोस, कसत राहा, पीक तुझे. कर्जाला संमती लागेल तेव्हा मी येऊन देईन.' यांचे नाव मी मुद्दाम घेतले नाही, कारण 'हे नको म्हणतात' असे म्हटले असते तर पुढची दहा वर्षे दादा यांच्याशी भांडला असता. कायद्याचेही नाव काढले नाही. लग्नातल्या खर्चाचा विषय त्याने काढला, तेव्हा 'तू केलेस ते मी विसरलेले नाही' एवढेच म्हणून पुन्हा कर्जाच्या कागदावर आले.

तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली असेल तर लिहा.

कृष्णाकाठ

माझ्या आत्याने १९९० च्या सुमारास असाच कागद न वाचता अंगठा देऊन टाकला होता आणि त्यानंतर प्रत्येक दिवाळीला तिला साडी येत असे. आजोबांच्या त्या मळ्यातली विहीर अजून भरलेली असते, पण तिच्या मुलांना तिथे पाहुणे म्हणूनच जावे लागते. तुम्ही एक रात्र मागून घेतलीत, हे फार चांगले केलेत.

भाऊसाहेब_८६

सर्व भगिनींनी लक्षात घ्यावे की २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा नसतो. शिवाय भाऊ बारा वर्षे एकटा कसत असेल तर जमीन आपोआप त्याची होते. त्यामुळे नकार देऊन फारसा उपयोग होत नाही, उगाच कटुता वाढते.

निवृत्त_तलाठी

भाऊसाहेब, आपण म्हणता ती तारीख खरी आहे, निष्कर्ष मात्र आता लागू नाही. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलांप्रमाणे जन्मतः हिस्सेदार, केले आणि त्यात आधी लग्न झालेल्यांना वगळले होते. पुढे हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले की मुलीचा हक्क जन्माने आहे आणि २००५ सालच्या त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकमाने वाटप झाले असेल, तर ते मात्र उघडता येत नाही.

रानजाईताईंचेच उदाहरण घेऊ. जमीन वडिलोपार्जित धरली तर वडिलांच्या मृत्यूच्या लगेच आधी झाले असे मानलेल्या कल्पित वाटपात वडील, आई आणि चार मुले असे सहा हिस्से पडतात आणि वडिलांचा सहावा हिस्सा पुन्हा पाच वारसांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी पंचवीस अधिक पाच, एकूण तीस गुंठे. जमीन वडिलांच्या स्वकष्टाची धरली तरी पाच समान हिस्से, पुन्हा तीसच. जुन्या समजुतीने मुलींना सहदायिक न धरता हिशोब केला असता, तर हिस्से चारच पडून मुलीच्या वाट्याला वडिलांच्या चतुर्थांशातले साडेसात गुंठे आले असते. म्हणजे तेव्हासुद्धा शून्य नव्हते.

बारा वर्षांचे म्हणाल, तर एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सर्वांच्या वतीने मानला जातो. भावाने 'तुझे इथे काही नाही' असे उघडपणे सांगितले आणि बहीण ऐकून गप्प बसली, तर मुदतीचा प्रश्न निर्माण होऊ शकतो. म्हणूनच तोंडी नकारानंतर दोन ओळींचा साधा निरोप लेखी पाठवून ठेवावा : जमीन तू कसावीस याला माझी हरकत नाही, हिस्सा मात्र सोडलेला नाही. असा निरोप भांडणाचा नसतो आणि वेळेला उपयोगी पडतो.

थोरला

मी कागद पुढे करणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा तीही बाजू सांगतो. माझ्या हेतूत लबाडी नव्हती. आमच्या गावात 'बहिणी सोडतातच' असे धरूनच तलाठ्याकडे जायचे अशी रीत होती. धाकटीने नकार दिला तेव्हा मला गावात तोंड दाखवायची लाज वाटली, आणि रागाचे खरे कारण तेच होते. तिने कोणासमोर तमाशा केला नाही, आईला मध्ये घातले नाही आणि पुढच्या सुगीला नेहमीप्रमाणे हुरडा खायला आली, त्यामुळे माझा राग हळूहळू ओसरला. तिने त्या दिवशी 'तुम्हाला माझा वाटा गिळायचाय' असा शब्द उच्चारला असता तर आज बोलणे राहिले नसते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

मुळा_मुठा

आमच्या सातबाऱ्यावर मोठ्या मामांचे नाव 'ए.कु.मॅ.' म्हणून आहे आणि आईसकट तिघी बहिणींची नावे इतर हक्कात आहेत. मामा म्हणतात की बहिणींनी तलाठ्यासमोर 'हिस्सा नको' असा जबाब पूर्वीच दिलेला आहे, त्यामुळे आता हक्कसोड ही केवळ औपचारिकता उरली आहे. आईने सही करावी की नाही?

निवृत्त_तलाठी

केवळ औपचारिकता असती तर त्यांनी सही मागितलीच नसती. तलाठ्यासमोरच्या जबाबाने मालकी जात नाही, त्यासाठी नोंदणीकृत दस्तच लागतो. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक, एकटा मालक नव्हे, आणि मुलींची नावे इतर हक्कात टाकण्याची पद्धत आमच्याच खात्याने वर्षानुवर्षे चालवली. तो फेरफार क्रमांक शोधून त्याची नक्कल काढा आणि आईला ती वाचून दाखवा.

शिरोडकरीण

आमच्या गोव्यात नियम वेगळे आहेत, तरी लिहिते. विवाहित बहिणीला वारसा सोडायचा असेल तर तिच्या नवऱ्याचीही सही लागते. त्यामुळे माझा भाऊ माझ्याकडे न येता थेट माझ्या नवऱ्याकडे गेला होता. हे शांतपणे म्हणाले, 'तिचे ती ठरवील, ती म्हणेल तिथे मी सही करीन,' आणि भावाला घेऊन मासळी आणायला बाजारात गेले.

ठाणेकर_अनु

माझ्या वडिलांच्या सदनिकेत नामनिर्देशन फक्त भावाचे आहे, मग ती सदनिका त्याचीच झाली का? माझ्याकडे अजून कोणी सही मागितलेली नाही, पण हा धागा वाचून काळजी वाटू लागली आहे.

कृष्णाकाठ

अनुताई, नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, एवढे मला खात्रीने ठाऊक आहे. पुढचे वकिलांना विचारा. सही कोणी मागितलेली नसताना आपणहून नकार कळवू नका, एवढे मात्र म्हणेन.

दूरदेशी

मी गेली १४ वर्षे टोरांटोत आहे. भावाने 'तुला यायला नको' म्हणून कुलमुखत्यारपत्राचा मसुदा ईमेलने पाठवला. चार पानांत वारस नोंद, वीजजोडणी, पीकविमा अशी साधी कामे होती आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी 'विक्री, बक्षीस व हक्कसोड करणे' हे शब्द होते. मी त्याला लिहिले की पहिल्या कामांसाठी सही करून वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून पाठवतो, हे तीन शब्द तेवढे काढून टाक. त्याने दुसऱ्याच दिवशी सुधारलेला मसुदा पाठवला. त्याने ते मुद्दाम घातले होते की वकिलाच्या ठरावीक नमुन्यात ते आधीपासून होते, हे मी आजपर्यंत विचारलेले नाही.

पाटलीणबाई

रानजाईताई, तुमचे वागणे आवडले, पण कर्जाच्या संमतीबद्दल मला शंका आहे. मी सहकारी सोसायटीत १९ वर्षे गटसचिवाच्या हाताखाली काम केले आहे. संमती दिली की बोजा बहुधा संपूर्ण गटावर चढतो, केवळ भावाच्या हिश्श्यावर नाही. पुढे भावाचे कर्ज थकले तर तुमचे तीस गुंठेही अडकतात आणि वाटपाच्या वेळी बोजा कमी केल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. तेव्हा 'लागेल तेव्हा देईन' असे मोघम म्हणू नये. कोणत्या हंगामासाठी, किती रकमेपर्यंत, आणि या संमतीने मालकी हक्काला बाधा येत नाही, ही तीन वाक्ये कागदावर असावीत. पहिले कर्ज फिटून बोजा उतरल्याचा फेरफार पाहिल्यावरच पुढची संमती द्यावी.

रानजाई

पाटलीणबाई, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलेत. पहिल्या वर्षी मी मोघमच सही केली होती. दुसऱ्या वर्षी सातबारा काढला तेव्हा इतर हक्कात बोजा दिसला आणि पोटात गोळा आला. दादाला विचारले, तर कर्ज फिटलेले होते, केवळ बोजा उतरवायचा राहिला होता. तेव्हापासून रक्कम आणि हंगाम लिहूनच संमती देते, आणि तोही 'बाईसाहेबांचा कागद' म्हणून चेष्टा करत घेऊन जातो. नकारानंतर मात्र आठ महिने तो बोलला नव्हता, हेही सांगायला हवे. थोरल्या भाऊंनी लाजेबद्दल लिहिलेले वाचून त्या आठ महिन्यांचा अर्थ मला आज लागला.

मुळा_मुठा

फेरफाराची नक्कल मिळाली. १९८७ चा आहे. जबाबावर तीन अंगठे आहेत आणि आई म्हणते की ती त्या वर्षी गावाला गेलीच नव्हती. हे मामांना सांगू की नको? आईला त्यांच्यावर आळ घ्यायचा नाही, तिला केवळ सही करायची नाही.

थोरला

ताई, अंगठ्यांचा विषय आज काढू नका. आईंना एवढेच म्हणू द्या, 'भाऊ, मी सही करणार नाही.' ती नक्कल जपून ठेवा.

निवृत्त_तलाठी

मी थोरल्यांशी अर्धाच सहमत आहे. सही न करणे आज पुरे, परंतु अशा नोंदीवर अपील करायचे तर इतक्या वर्षांचा विलंब समजावून सांगावा लागतो, आणि नक्कल मिळाली तो दिवस त्यात मोजला जाईल. गप्प राहायचे तर किती दिवस, हे वकिलासमोर बसून ठरवा.

दूरदेशी

रानजाईताई, एक विचारायचे राहिले. आईंचे तीस गुंठे पुढे कसे जाणार, याबद्दल तुम्हा भावंडांत काही बोलणे झाले आहे का?

रानजाई

नाही. आई ८१ वर्षांची आहे आणि तो विषय अजून आमच्यापैकी कोणीच काढलेला नाही. येत्या रविवारी मी गावी जाते आहे.