ताट समोर, तरी जेवण नाही

>> ताट समोर ठेवलं तरी आई नुसती बघत बसते. नंतर विचारलं तर म्हणते, जेवले की.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला चारपाच पदार्थांचं भरलेलं ताट दिसलं की सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. आमच्या सासूबाईंना आता एका वेळी एकच पदार्थ देतो, तोही बिननक्षीच्या गडद ताटलीत, कारण पांढऱ्या ताटलीत इडली त्यांना दिसतच नसे. पहिला तुकडा हातात देऊन हात हलकेच तोंडाकडे न्यायचा आणि समोर बसून आपणही तेच खायचं. पुढचे घास बहुतेकदा त्या आपणहून घेतात.

हाताने सहज खाता येईल म्हणून कुणी चिवडा, शेंगदाणे सुचवतात, ते मात्र नको, घशात अडकतात. बेसनलाडूचाही भुगा टाळूला चिकटतो. दुधी घातलेलं मऊ थालीपीठ तूप लावून, दोन बोटं रुंद पट्ट्या कापून द्या. इडलीचे तुकडे सांबारात बुडवून, किंवा गुंडाळलेलं मऊ धिरडंही चालतं. खाऊन झालं की गालात घास राहिलाय का ते बघा, आणि अर्धा तास तरी आडवं होऊ देऊ नका. खाताना ठसका लागत असेल किंवा पाणी प्यायल्यावर आवाज घरघरत असेल तर हे प्रयोग थांबवून आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.