मदत हवी आहे : बाबांना पत्र लिहितेय, एका परिच्छेदावर अडलेय

आई गेल्यापासून बाबा (वय ७८) साताऱ्यात एकटेच. फोनवर पुढे कुठे राहायचं हा विषय काढला की "बघू" म्हणून ठेवून देतात, म्हणून पत्र. आमच्या ठाण्याच्या घरी नातवंडं आहेत, पण सकाळी ९ ते संध्याकाळी ६ घरात कुणीच नसतं. दुपारचं इन्सुलिन कोण देणार? पुण्याजवळच्या ज्येष्ठ निवासात चोवीस तास नर्स आहे. मात्र करारात बारीक अक्षरात लिहिलंय, अंथरुणाला खिळल्यास स्वखर्चाने माणूस ठेवायचा, नाहीतर खोली सोडायची. डिपॉझिटमधून किती कापणार, तेही मोघमच. हे सगळं पत्रात स्पष्ट लिहिलंय. "महिनाभर राहून बघा, नाही जमलं तर ठाण्याला या," हे त्यांना घराबाहेर काढल्यासारखं न वाटता कसं मांडू? वडिलांशी असं कुणी बोललंय का?