मदत हवी आहे: साहेब माझा रोजचा स्टेटस वाचूनही म्हणतात, "सांगितलं का नाही?"

मिहानकर
मिहानमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मॅनेजर पुण्यात, दिवसभर मीटिंगमध्ये. रोज सहाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्टेटस टाकायचा. मंगळवारचा माझा मेसेज:

"पेमेंटच्या भागावर काम सुरू आहे. बरीचशी टेस्टिंग झाली. बँकेकडून टेस्ट लॉगिन यायचं आहे. उद्या पुढचं काम करतो."

बुधवारी, गुरुवारी जवळपास हेच. शुक्रवारी डेमोत पेमेंट चाललंच नाही, तर मलाच बोलले. तीन दिवस लिहून राहिलो होतो ना भाऊ! अजून कसं सांगायचं?

गोळीबार चौक
लांबी ठीक आहे, चार ओळी पुरे. आधी झालेलं काम दाखव, अडचण शेवटी. सुरुवातीलाच रडगाणं बरं दिसत नाही.

तर्रीपोहा
चार ओळींचं पटलं, बाकी उलट आहे. फोनवर नोटिफिकेशनमध्ये पहिली ओळच दिसते, तीत "काम सुरू आहे" असेल तर कोण उघडेल? आणि "यायचं आहे" वाचून वाटतं, येईल. कोणाकडे अडलंय, कधीपासून, त्यामुळे काय थांबणार आणि साहेबांनी काय करायचं, यातलं काहीच नाही. मी मंगळवारी असं लिहिलं असतं:

"साहेब, मदत हवी: बँकेकडे टेस्ट लॉगिन सोमवारी मागितलं, दोन मेल केले, उत्तर नाही. उद्या १२ पर्यंत मिळालं नाही तर शुक्रवारच्या डेमोत पेमेंट दाखवता येणार नाही. त्यांच्या मॅनेजरला एक फोन कराल का?
झालं: १८ पैकी ११ टेस्ट केस पास, २ फेल. ५ लॉगिनसाठी थांबल्या.
उद्या: त्या २ दुरुस्त करून पुन्हा चालवतो."

"बरीचशी" काढून ११ लिहिलं की उद्या १३ झालेले दिसतात. आणि बुधवारी तेच वाक्य पुन्हा चिकटवायचं नाही, "तिसरा दिवस, मुदत संपली" असं बदलायचं. तेच तेच वाचून डोळा सरावतो.

कामठी रोड साइट
आमच्याकडे बांधकामावर डीपीआर, म्हणजे रोजच्या कामाचा रिपोर्ट असतो. मजूर किती, सिमेंटच्या गोण्या किती, सगळं भरतो. तरी कोणी वाचत नाही. एक्सेलचा फॉरमॅट हवा का?

मिहानकर
फॉरमॅट नको दादा, मेसेजच हवा होता. आणि काहीच अडलं नसेल त्या दिवशी?

तर्रीपोहा
"अडचण नाही" असं लिहायचंच. ओळ गाळली तर नाहीये की विसरलास, हे कळत नाही. मात्र तासाभरात तूच सोडवशील ते अडचण म्हणून टाकू नको, नाहीतर खरी आली तेव्हाही कोणी हलणार नाही.

मिहानकर
समजलं. आता एकच. यावेळी बँकेकडे अडलं होतं, पण पुष्कळदा शेजारच्या टेबलवरच्या मित्राकडे अडतं. ते ग्रुपवर कसं लिहू?

गोळीबार चौक
साहेबांना वेगळा मेसेज कर. ग्रुपवर नाव काहून घेतो?

तर्रीपोहा
मी आधी त्याला सांगतो, "सहाला लिहिणार आहे," मग ग्रुपवरच लिहितो. निम्म्या वेळा पावणेसहाला काम होऊन जातं. पण एक जण माझ्याशी महिनाभर बोलला नव्हता, तेही खरं.