मदत हवी आहे: माती नमुना आणि मृदा आरोग्य पत्रिकेची एक दिवसाची कार्यशाळा कशी बसवू?

सेलूची_काळी
नमस्कार मंडळी. मे महिन्यात, पेरणीच्या आधी आमच्या गटाची कार्यशाळा घ्यायची आहे, तीसेक शेतकरी येतील. सकाळी ७ ला ऊन चढायच्या आत वावरात नमुना, मग नाष्टा, नंतर समाजमंदिरात कार्ड वाचन, ४ ला सुट्टी. अडचण अशी की सकाळच्या नमुन्याचा रिपोर्ट त्याच दिवशी तर येणार नाही, मग दुपारी वाचायचं काय? जुनी कार्डं बऱ्याच जणांकडं हायेत पण ते म्हणायलेत की हे आमच्या शेताचं नाहीच, आमच्यात कुणी खड्डा केलेला आम्ही बघितला नाही. काय सांगू यांना?

भाऊ_जिंतूर
ताई सोपं आहे. आदल्या दिवशी प्रत्येकानं वावराच्या मधोमध वीतभर खड्डा करून किलोभर माती आणायची, बांधाजवळची नको. सकाळचे दोन तास वाचतात.

माती_तपासनीस
भाऊंची वीतभर खोली बरोबर आहे, पण एका खड्ड्याची माती म्हणजे फक्त त्या खड्ड्याचाच रिपोर्ट. सकाळ अजिबात वाचवू नका ताई, उलट खरं शिकणं तिथंच आहे. उताराचं वावर निवडा. वरचा मुरमाड तुकडा आणि खालची भारी काळी, दोन्हीचे नमुने वेगळे. एका तुकड्यात नागमोडी चालत ८-१० ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला करून २० सेंमीचा व्ही आकाराचा खड्डा घ्या, त्यातली माती फेकून द्या आणि मग खड्ड्याच्या एका बाजूनं वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीचा काप काढा. मे मध्ये आपल्या रानाला भेगा पडतात, वरची माती त्यात खाली गेलेली असते, म्हणून भेगेत खड्डा नको. सगळी माती ताडपत्रीवर मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. खताची गोणी तर नकोच, पण जस्ताचा मुलामा असलेलं पत्र्याचं घमेलंसुद्धा नको, जस्त तपासायचं असेल तर रिपोर्टच खोटा येतो. प्लास्टिकचं टोपलं घ्या. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, गट नंबर आणि मागचं पीक टाका.

आणि शेतकरी खरं बोलायलेत. २०१५ ला योजना सुरू झाली तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत १० हेक्टरला एक नमुना असं ग्रिड होतं, त्यामुळं शेजाऱ्याच्या वावरातल्या मातीचं कार्ड तुमच्या नावावर येऊ शकतं. हे सरळ सांगून टाका. दुपारी वाचन शिकायला मात्र तीच जुनी कार्डं वापरा.

मोसंबीवाला
माझ्या बागेत पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. कार्डवर पीएच ८.३. दुकानदार जिप्सम टाक म्हणतोय, टाकू का?

माती_तपासनीस
दादा, नुसत्या पीएचवर जिप्सम नको. ते चोपण जमिनीचं औषध आहे, आणि सोडियम किती आहे ते या कार्डावर नसतंच. आपल्याकडं ८.३ बहुतेक वेळा चुनखडीमुळं असतो, त्यात लोह झाडाला मिळत नाही, लक्षण तसंच वाटतंय. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून फेस येतो का बघा. बागेचा नमुना मात्र ३०, ६०, ९० सेंमी असा थरानं वेगळा घ्यायचा. ताई, हा फेसाचा प्रयोग तुमच्या दुपारीही ठेवा, आम्ल तेवढं स्वतःच्या हातात ठेवा.

सेलूची_काळी
एक खरं कार्ड टाकते, सोयाबीनसाठी कसं वाचून दाखवू? पीएच ८.२, क्षारता ०.३५, सेंद्रिय कर्ब ०.४२, नत्र १७०, स्फुरद १२, पालाश ४८०, जस्त ०.४, लोह ३.८.

माती_तपासनीस
आधी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा की नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे हेक्टरी किलो आहेत, एकराला नाहीत, घोळ इथंच होतो. क्षारता १ च्या आत, म्हणजे चिंता नाही. नत्र कमी, पालाश भरपूर, जस्त ०.६ च्या आणि लोह ४.५ च्या खाली.

आता हिशोब. सोयाबीनला हेक्टरी ३०:६०:३०, म्हणजे एकरी १२:२४:१२. लोक डीएपीचं एक पोतं टाकतात, त्यात ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद मिळतं, पण गंधक शून्य. त्याऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती घेतली तर २४ किलो स्फुरद आणि वर साधारण १६ किलो गंधक, सोबत २६ किलो युरिया. जस्तासाठी झिंक सल्फेट एकरी १० किलो, पण स्फुरदाच्या खतात मिसळून नको, वेगळं टाका. पालाश ४८० असताना मी तरी कमी करीन.

भाऊ_जिंतूर
पालाश कमी केला तर दाणे भरत नाहीत असं आमचा अनुभव सांगतो. शिफारशीतही ३० आहेच की.

माती_तपासनीस
शिफारस सर्वसाधारण आहे, कार्ड त्या जमिनीचं. तरी वाद नको, गटातल्या एकाच्या वावरात अर्धा एकर बिनपालाशचं ठेवून बघा, दोन्हीकडचं सोयाबीन वेगळं मोजा.

सेलूची_काळी
हे करतो. चार जणांनी सकाळच्या वावराला होकार दिलाय, त्यातलं उताराचं कोणतं ते उद्या बघून येते. टोपल्या आणि ताडपत्री गटाकडं आहेच, आता आम्ल कुठं मिळंल ते कोणी सांगा.