क्रियापदाची जागा
“मराठीत क्रियापद शेवटी आणि इंग्रजीत मध्ये, असे का?”

एकच कारण दाखवता येत नाही; मात्र ही जागा एकटी ठरत नाही. ‘काकूंनी म्हापशाच्या बाजारातून मानकुराद आंबे आणले’ या वाक्यात ‘आणले’ हे क्रियापद ‘आंबे’ या कर्मानंतर येते, तसाच ‘तून’ही ‘बाजारा’नंतर येतो, इंग्रजीत मात्र क्रियापद कर्माच्या आधी आणि ‘फ्रॉम’ बाजाराच्या आधी. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली ३० भाषांच्या आधारे क्रियापदाची जागा आणि ‘तून’सारख्या संबंधदर्शकांची जागा यांतला हा संबंध मांडला. तो कल आहे, नियम नव्हे: फारसीत क्रियापद शेवटी असूनही असे संबंधदर्शक शब्द बहुधा नामाआधी येतात. दुसऱ्या भाषेच्या निव्वळ संपर्काने क्रम बदलतोच असेही नाही. पोर्तुगीजांच्या साडेचार शतकांच्या सत्तेनंतरही गोव्यातल्या कोकणीत क्रियापद सामान्यतः शेवटीच येते.