कापडी पिशवीचे ७१०० वेळा

"कापडी पिशवी ७१०० वेळा वापरली तरच पर्यावरणाला प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा परवडते म्हणतात, खरंय का?"

तो आकडा २०१८ च्या डॅनिश अभ्यासातला, पण सगळ्यात वाईट निकषाचा, म्हणजे ओझोन थराच्या हानीचा, नुसता हवामानबदल बघितला तर तिथेच साध्या सुती पिशवीला ५२ वेळा पुरतात. ब्रिटनच्या २०११ च्या अभ्यासात तुलना दुकानातल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी होती, तिथे हवामानबदलाच्या हिशेबात कागदी ३ वेळा आणि सुती १३१ वेळा वापरावी लागते. गंमत म्हणजे त्या सगळ्या प्लास्टिक पिशव्या नंतर कचऱ्याच्या डब्याला लावल्या तर सुतीचा आकडा ३२७ वर जातो, कारण कचऱ्यासाठी वेगळी पिशवी बनवावी लागत नाही. कागदीला तेव्हा ७ लागतात, पण भिजली की फाटते, तेवढी टिकतेय कुठे! बाकी सुतीचा बहुतेक भार कापूस पिकवून कापड बनवण्यातच असतो, त्यामुळे जुन्या चादरीची शिवली असेल तर हे आकडे तिला लागूच होत नाहीत.